ओळ मुलांसाठी, पण वाचणार आईसुद्धा

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी नाशिकमध्ये साठीपुढच्या लोकांसाठी स्मार्टफोनचा वर्ग चालवतो. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. फी मुलंच भरतात, म्हणून जाहिरात मुलांना उद्देशून करायची ठरवली आहे. मागच्या बॅचला जेमतेम सहा जण आले, त्यातले दोघे मुलांनी बळेच पाठवलेले. ते तिसऱ्या आठवड्यानंतर फिरकले नाहीत. या वेळी फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपवर एकच दमदार ओळ टाकायची आहे. आमच्याकडे तीन ओळी आहेत. १) ‘त्यांनी बोट धरून चालायला शिकवलं, आता तुम्ही त्यांचं बोट धरा.’ २) ‘डिजिटल अरेस्टच्या जाळ्यातून आई-बाबांना वाचवा.’ ३) ‘डिजिटल युगात ज्येष्ठांची भरारी.’ आमच्यातच एकमत होत नाही. यातली कुठली घ्यावी? की चौथी सुचवाल?
— तिघींच्या वतीने एक, नाशिक

उत्तर :

नमस्कार ताई,

तीनपैकी एकही नको. का नको ते सांगते आणि मग चौथी ओळ आपण दोघी मिळून घडवू. तुमच्यासारखे वर्ग आता गावोगावी निघताहेत, त्यांनाही यातलं काही वापरता येईल.

आधी एक विचारते. ही ओळ नक्की कोण वाचणार आहे? तुम्ही म्हणाल, मुलं. पण मुलगा तर हिंजवडीला किंवा दुबईला. नाशिकच्या चौकातला फ्लेक्स त्याला दिसणार नाही, तो दिसणार त्याच्या आईला, भाजी घेऊन परत येताना. मुलापर्यंत तुमची जाहिरात पोचेल ती व्हॉट्सॲपवर, कुठल्यातरी मावसबहिणीने पुढे ढकललेली. तो ती वाचेल आणि पुढे काय करेल? आईलाच पाठवेल. नाहीतर ज्यात आई, बाबा, काका आणि दोन्ही आत्या आहेत अशा घरच्या ग्रुपवर टाकेल. म्हणजे ओळ लिहिलेली मुलासाठी, पण ती वाचणार आई, आणि तीही सगळ्या नातेवाइकांच्या देखत.

एकाला उद्देशून दुसऱ्याच्या भल्याचं सांगणारी सगळ्यात गाजलेली ओळ आपल्याला माहीत आहे : ‘दो बूँद ज़िंदगी की’. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, आणि ही ओळ देशभर भिंतीभिंतीवर गेली. ती आईबापांना उद्देशून होती, डोस होता बाळाला. त्या ओळीत काय आहे बघा. काय करायचं ते आहे, किती ते आहे आणि त्यातून काय मिळणार तेही आहे. आईबापांना दोष देणं नाही, धाक घालणं नाही. ते घ्यायलाच हवं. पण तिथे एक सोय होती, ज्याला डोस द्यायचा त्याला वाचता येत नव्हतं. तुमच्याकडे ज्यांना शिकवायचं ते चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचतात आणि न आवडलेलं वर्षभर लक्षात ठेवतात.

म्हणून माझी पहिली कसोटी ही : मुलाने ही ओळ आईच्या शेजारी बसून मोठ्याने वाचली, तर दोघांपैकी कुणाला खाली बघावं लागतं का?

तुमची पहिली ओळ इथेच अडकते. ती ऐकायला गोड आहे आणि अशा ओळी सगळीकडे दिसतात, कारण त्या पटकन सुचतात. पण त्या ओळीत आई म्हणजे चालायला शिकणारं मूल. जिने तीस वर्षं पोस्टात पैसे मोजले, सोसायटीचे हिशेब ठेवले, मुलांच्या शाळेच्या फीपासून घराच्या कर्जापर्यंत सगळं बघितलं, तिला हे कसं लागेल? तिला व्यवहार येत नाही असं नाहीच. अडतं ते वेगळ्या जागी. जुन्या फोनवर एका कामाला एक बटण होतं आणि ते बोटाला लागायचं. आता काचेवर काय दाबता येतं आणि काय नुसतं चित्र आहे, हे बघून कळत नाही. मागे जायचं बटण कधी असतं, कधी नसतं, कधी कडेवरून बोट सरकवावं लागतं. शिवाय बोट जरा जास्त वेळ टेकलं की फोन समजतो ‘धरून ठेवलं’, आणि चिन्ह जागचं हलतं नाहीतर भलताच चौकोन उघडतो. आई म्हणते ‘आपोआप झालं’ आणि मुलगा म्हणतो ‘आपोआप काही होत नसतं’. दोघंही आपापल्या जागी खरे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये ही वेळ वाढवता येते. तुमच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनवर हे करून घेता का? नसाल तर घ्या. अक्षर मोठं करण्याइतकंच ते उपयोगी आहे.

अपराधी वाटायला लावणाऱ्या ओळीची दुसरी अडचण पैशांच्या बाजूची आहे. मुलाला अपराधी वाटलं की तो वर्गाला नाव घालत नाही, तो वस्तू विकत घेतो. दिवाळीला आईला नवा फोन. किंवा त्याहून सोपं म्हणजे स्वतःचा जुना फोन तिला, ज्यात त्याचंच खातं, त्याच्याच आठशे संपर्कांची यादी आणि भाषा इंग्रजी. मनावरचं ओझं उतरलं, विषय संपला. तुमची ओळ तर फोनच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळवून देईल.

आता दुसरी ओळ. ही चालेल, हे मी आधीच कबूल करते. भीती विकली जाते. मुलांच्या ऑफिसातही कुणाच्या तरी वडिलांचे पैसे गेल्याची गोष्ट फिरत असते. पण भीतीने माणूस नक्की काय करतो ते बघा. मुलगा बाबांच्या फोनमधून बँकेचं ॲप काढून टाकतो आणि सांगतो, ‘अनोळखी नंबर उचलूच नका, कशालाच हात लावू नका.’ ज्याला कशालाच हात लावायचा नाही तो तुमच्या वर्गात येऊन काय शिकणार?

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पोलीस असल्याचं सोंग घेऊन भामटे व्हिडिओ कॉलवर ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, तसा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करता येत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं, आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असं सुचवलं होतं. तरीही लोक फसतात आणि त्यात शिकलेसवरलेले, मोठ्या पदांवरून निवृत्त झालेलेही असतात. कारण हा सापळा फोन वापरता न येण्याचा फायदा घेत नाही. तो माणसाला एकटं पाडतो. ‘कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर मुलगाही अडकेल.’ यातून सुटायला दोनच गोष्टी लागतात : कॉल कापणं आणि लगेच कुणालातरी सांगणं. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायची, आणि तीही जितकी लवकर तितकं बरं. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवला जात असतो, वाटेत गोठवता आला तरच काही हाती लागतं.

आता सांगा, ज्या घरात ‘मी सांगितलं होतं ना, काही दाबू नका म्हणून!’ असं वातावरण आहे, तिथे बाबा लगेच सांगतील का? ते आधी रात्रभर एकटे बसतील. तुमची दुसरी ओळ हेच वातावरण पक्कं करते. त्यात बाबा म्हणजे जाळ्यात अडकणारच असं गृहीत धरलेलं सावज आणि मुलगा म्हणजे वाचवणारा. फसवणुकीबद्दल वर्गात जरूर शिकवा, आठपैकी एक अख्खा आठवडा द्या. पण ते दारावरच्या पाटीवर नको. शिवाय ‘वाचवा’ हे वचन आहे, आणि ते तुम्ही पाळू शकत नाही. आठ आठवड्यांच्या वर्गाने माणूस फसणारच नाही असं कुणीच सांगू शकत नाही. जे सिद्ध करता येत नाही असा दावा जाहिरातीत करू नये, असं ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची संहिता सांगते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. तुमच्यावर कुणी कारवाई करायला येणार नाही, पण वर्ग केलेल्या एखाद्या काकांचे पैसे गेले तर त्यांचा मुलगा तुमची ओळ तुम्हालाच वाचून दाखवेल.

तिसरीवर वेळ घालवत नाही. ‘ज्येष्ठांची भरारी’च्या जागी ‘महिलांची भरारी’, ‘विद्यार्थ्यांची भरारी’ लिहून बघा. ओळ तशीच उभी राहते. म्हणजे ती तुमची नाहीच.

मग मुलांना हवंय तरी काय? हे तुम्ही त्यांना विचारलं आहे का? माझा अंदाज, नसावं. त्यांना अपराधी वाटतं किंवा काळजी वाटते हे आपण धरून चालतो. मला वाटतं त्यांना त्याहून साधी गोष्ट छळते : शिकवता येत नाही, आणि शिकवताना आवाज चढतो. संध्याकाळी सात वाजता फोन येतो. ‘अरे, त्या फोटोंचं काय झालं?’ ‘आई, वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का?’ ‘नाहीत.’ ‘असतील, नीट बघ.’ ‘अरे, इथे तुझाच फोटो दिसतोय.’ आई कॉलच्याच पडद्यावर आहे, मुलगा तिच्या मनातल्या दुसऱ्याच पडद्याबद्दल बोलतोय. दहा मिनिटांनी ‘जाऊ दे, मी शनिवारी आलो की करतो’. शनिवारी तो येतो, सोफ्यावर बसतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, ‘दे इकडे, मी करतो.’ चार सेकंदात काम झालेलं असतं. आईने पाहिलं ते फक्त त्याचं नाचणारं बोट. पुढच्या आठवड्यात तीच अडचण, आणि मुलगा म्हणतो, ‘मागच्या वेळी दाखवलं होतं ना?’

‘दे इकडे, मी करतो.’ ताई, तुमची ओळ या वाक्यात आहे. हे वाक्य प्रत्येक मुलाने म्हटलंय आणि प्रत्येक आईने ऐकलंय, त्यामुळे समजावून सांगायला काही उरत नाही. शिवाय यात आईची काही चूक नाही. झाली तर मुलाची, आणि तीही अशी की तो हसून मान्य करेल. त्याची आई तर नक्कीच हसेल, आणि ग्रुपवर पहिला अंगठा आत्याचा येईल.

आता घडवायला घेऊ. मी कागदावर काय काय लिहून खोडलं ते दाखवते, म्हणजे तुम्हाला पुढच्या वेळी स्वतः करता येईल.

पहिला प्रयत्न : ‘तुम्ही आईच्या हातातून फोन काढून घेता. आम्ही घेत नाही.’ खरं आहे, पण बोट रोखलेलं आहे. मुलगा ग्रुपवर टाकणार नाही.

दुसरा : ‘आईला फोन शिकवताना आवाज चढतो? आमचा चढत नाही.’ मला हा आवडला होता. अडचण एकच, यातून तुमची सहनशक्ती कळते, शिकवण्याची रीत कळत नाही. आणि आईला सांभाळून घ्यावं लागतं, असाही एक वास येतो.

तिसरा : ‘‘दे इकडे, मी करतो’ असं आमच्या वर्गात कुणी म्हणत नाही.’ इथे काहीतरी पकडीत आलं. हे वचन आहे आणि पाळता येण्याजोगं आहे. पण फ्लेक्सवर हे लांब. स्कूटरवरून जाणारा माणूस चार-पाच शब्दांपलीकडे वाचत नाही.

म्हणून त्याचे दोन तुकडे केले. वर मोठ्या अक्षरात :

आईचा फोन आईच्याच हातात.

आणि खाली लहान अक्षरात :

‘दे इकडे, मी करतो’ न म्हणता शिकवणारा वर्ग.

वरची ओळ एकटी ठेवू नका, फोनच्या विम्याची वाटेल. खालची आली की दोन्हींचा अर्थ लागतो. व्हॉट्सॲपवर क्रम उलटा करा. तिथे माणूस आधी वरची ओळ वाचून पुढे जायचं की नाही ते ठरवतो, त्यामुळे अवतरणातलं वाक्य आधी येऊ द्या.

बाबांचं काय, असं तुमच्यातली एक नक्की विचारेल. ‘आई-बाबांचा फोन आई-बाबांच्याच हातात’ असं करू नका, ओळ दमते. दोन वेगळी चित्रं करा, एकात आई, एकात बाबा. मजकूर तोच. आणि चित्रात काळा गॉगल लावून सेल्फी काढणारी आजी कृपा करून नको. ती आता इतक्या जाहिरातींत दिसते की तिलाच कंटाळा आला असेल. एक हात, एक फोन, बस्स. हात खराखुरा असू दे, तुमच्या वर्गातल्याच कुणाचा तरी, त्यांना विचारून.

या ओळीची किंमत मात्र तुम्हाला मोजावी लागेल. ती छापली की तुमच्यापैकी कुणीही शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. हे बोलायला सोपं आहे, करायला फार अवघड. सहावा माणूस तोच प्रश्न विचारतो तेव्हा हात आपोआप पुढे जातो. एक युक्ती : शिकवणारीने हातात कोरडी लाकडी काडी धरायची आणि टोकाने फक्त दाखवायचं. काचेवर कोरड्या लाकडाचा स्पर्श उमटत नाही, त्यामुळे चुकून दाबलंही जात नाही. दाबायचं ते शिकणाऱ्यानेच. याला वेळ लागतो. म्हणून एका शिकवणारीमागे चार-पाचहून जास्त जण नकोत, आणि तुम्ही तिघी आहात तर बॅच बाराच्या आसपास थांबवा. एका तासात एकच काम घ्या, पण तेच तीनदा, प्रत्येक वेळी पहिल्या पडद्यापासून. पायऱ्या वहीत त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा. ‘हिरवं टेलिफोनचं चित्र’ असं लिहिलं असेल तर तसंच राहू दे. तुम्ही छापील पुस्तिका दिलीत की ती कपाटात जाते, आणि ॲप बदललं की तिच्यातली चित्रंही जुनी होतात.

एक हंगामी ओळही देते. ऑक्टोबरमध्ये बॅच सुरू होणार असेल तर ती आपण आता घडवलेल्या ओळीपेक्षा जास्त चालेल :

यंदा हयातीचा दाखला बाबा स्वतः काढतील. घरून.

पेन्शनवाल्या घरात नोव्हेंबर म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलगा रजा काढून येतो, बाबांना बँकेत नेतो, रांगेत खुर्ची मिळवतो. डिजिटल हयातीचा दाखला २०१४ पासून आहे. आधी त्याला बोटाच्या ठशाचं यंत्र लागायचं, आणि म्हातारपणी ठसे झिजतात म्हणून ते बऱ्याचदा फसायचं. २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो काढता येतो. फोनमध्ये Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन ॲप लागतात. आधार क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवायचा. फोनचा कॅमेरा आणि इंटरनेट बरं हवं. चेहरा ओळखताना पापणी मिटायला सांगतात, आणि तिथेच बरेच जण अडतात, कारण पाठीमागे खिडकी असते आणि तोंडावर अंधार. उजेड समोरून घ्यायचा, चष्मा काढून बघायचा, फोन दोन्ही हातांनी डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. काम झालं की प्रमाण क्रमांक येतो, तो वहीत उतरवायचा.

पण ही ओळ लावण्याआधी दोन गोष्टी बघा. पेन्शन देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाची पद्धत सारखी नसते, तेव्हा नाव घालतानाच ‘पेन्शन कुठून येते’ ते विचारा आणि त्या कार्यालयाला हा दाखला चालतो का याची खात्री त्यांनाच करायला सांगा. आणि दुसरं, तुमच्यातल्या एकीने आपल्या घरातल्या पेन्शनवाल्याचा दाखला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा काढून झालेला असू दे. ओळीत ‘स्वतः’ आहे. वर्गात तुम्ही काढून दिलात तर ते पुन्हा ‘दे इकडे’च झालं.

छापण्याआधी ओळ तपासा. याला पैसे लागत नाहीत. चार-पाच मुलं आणि चार-पाच आई-वडील घ्या, ओळखीतले चालतील, पण तुमच्या घरातले नकोत. दोघांना वेगवेगळं बसवा. ओळ वाचून दाखवा, कागद उलटा ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. या वर्गात काय होत असेल? आणि या ओळीत कुणाची चूक आहे असं वाटतं? ‘आवडली का?’ असं विचारू नका, आपल्याकडे त्याला सगळे हो म्हणतात. पहिल्या प्रश्नाला ‘फोन शिकवत असतील, आणि करायला आपल्यालाच लावत असतील’ असं उत्तर आलं तर ओळ पोचली. ‘फोन दुरुस्त करत असतील’ आलं तर खालची ओळ आणखी मोठी करा. दुसऱ्या प्रश्नाला आई-वडिलांपैकी एकानेही ‘आमची’ म्हटलं तर ती ओळ टाकून द्या, मुलांना कितीही आवडलेली असो. जे पैसे भरतात त्यांना ओळ पटायला हवी हे खरं, पण तिसऱ्या आठवड्याला खुर्चीत बसायचं की नाही हे ते ठरवत नाहीत.

मागच्या बॅचला अर्ध्यावर सोडून गेलेल्या त्या दोघांचं कोडं मला इथेच दिसतं. मुलांनी नाव घातलं, फी भरली आणि मग कळवलं. पुढच्या जाहिरातीत तळाशी ‘आजच नाव नोंदवा’ च्या जागी असं लिहून बघा : ‘आईला विचारा, फोनवरची कुठली तीन कामं तिला स्वतःला करायची आहेत. तिची यादी आम्हाला पाठवा.’ मुलाला करायला एक सोपं काम मिळतं आणि ते काम म्हणजे आईला विचारणं. यादीत काय येईल याचा अंदाज बांधू नका. मुलाला वाटतं बँक आणि औषधं. आईच्या यादीत नातवाला आवाजातला निरोप पाठवणं असेल, एसटीची वेळ बघणं असेल, मैत्रिणीने पाठवलेला अभंग पुन्हा सापडणं असेल. बाबांना कदाचित फक्त सकाळी सहाला येणारे ‘सुप्रभात’ बंद करायचे असतील. त्यांच्या यादीतलं पहिलं काम पहिल्याच आठवड्यात झालं पाहिजे. बँक नंतर, तीही त्यांनी मागितली तर.

आणि यादी आली नाही तर? आई म्हणाली, मला काही शिकायचं नाही, तर? मग नाही. काहींना खरोखरच नको असतं, साधा बटणांचा फोन पुरतो, आणि त्यांचं काही अडतही नाही. अशा आईसाठी मुलाचा फोन आला तर फी घेऊ नका. ती आली तरी तिसऱ्या आठवड्याला जाईल, आणि जाताना हॉलमधल्या आणखी दोघांना सांगून जाईल.

शेवटचं, फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या नंबराबद्दल. जाहिरात मुलांसाठी असली तरी या नंबरावर फोन येतील ते आई-वडिलांचे, कारण फ्लेक्स त्यांना दिसतोय. तिथे क्यूआर कोड एकटा ठेवू नका. ज्याला तो वापरता येतो त्याला तुमच्या वर्गाची गरज कमीच. नंबर मोठा छापा, तो उचलणारीचं नाव लिहा, आणि फोन करायची वेळही द्या, समजा सकाळी अकरा ते एक. त्या वेळात तो दुसऱ्या रिंगला उचलला गेला पाहिजे. रेकॉर्ड केलेला आवाज आणि ‘मराठीसाठी दोन दाबा’ अजिबात नको. फ्लेक्स छापायला देण्याआधी प्रूफवर बघून तो नंबर एकदा स्वतः लावा. अशा जाहिरातींत चुकलेला आकडा बहुतेक वेळा छापून झाल्यावरच सापडतो.